शुक्र आणि सप्तमस्थानाचा पापकर्तरी योग

पापकर्तरी योग ही भारतीय फलज्योतिषातील एक ग्रहस्थिती आहे. एखाद्या ग्रहाच्या किंवा स्थानाच्या मागील व पुढील राशीत पापग्रह असले, म्हणजेच त्याच्यापासून बाराव्या आणि दुसऱ्या स्थानी पापग्रह असले, तर तो ग्रह वा ते स्थान पापकर्तरीत आहे असे म्हणतात. विवाहाचा कारक मानलेला शुक्र किंवा जोडीदाराचे स्थान मानलेले सप्तमस्थान अशा रीतीने दोन पापग्रहांमध्ये सापडले, तर प्रेम, विवाह आणि सहजीवन यांच्या फळाला आडकाठी येते, असे या शास्त्रात मानले जाते. महाराष्ट्रात विवाह जुळवताना पत्रिकेतील मंगळाइतकी या योगाची चर्चा होत नाही. मात्र विवाहाला विलंब झाल्यावर पत्रिका तपासून घेताना त्याचा उल्लेख वारंवार होतो. हा योग नेमका कशाला म्हणायचा, याबाबत जातकग्रंथ आणि मुहूर्तग्रंथ यांच्या व्याख्या एक नाहीत. त्यामुळे एकाच पत्रिकेबद्दल दोन ज्योतिषी भिन्न उत्तरे देऊ शकतात.

## नाव आणि व्याख्या

संस्कृतातील 'कर्तरी' म्हणजे कात्री. मधला ग्रह हा कापायची वस्तू आणि दोन बाजूंचे ग्रह ही कात्रीची दोन पाती, अशी कल्पना या नावामागे आहे. दोन्ही बाजूंना शुभग्रह असतील तर त्या स्थितीला शुभकर्तरी म्हणतात व ती संरक्षक मानली जाते. दोन्ही बाजूंना पापग्रह असतील तर पापकर्तरी होते. एका बाजूला शुभ आणि दुसऱ्या बाजूला पाप ग्रह असेल, तर बहुतेक ज्योतिषी कर्तरी झाली असे मानत नाहीत.

पापग्रह कोणते, यावरच योगाचे अस्तित्व अवलंबून असते. वराहमिहिराने *बृहज्जातक* या ग्रंथात क्षीण चंद्र, सूर्य, मंगळ आणि शनी यांना पापग्रह म्हटले आहे, आणि त्यांच्यासोबत असलेल्या बुधालाही त्यांच्यातच गणले आहे. राहू व केतू या यादीत नाहीत. उत्तरकालीन परंपरेने मात्र त्यांनाही पापग्रह मानले, त्यामुळे आज पत्रिकेत कर्तरी सापडण्याचे प्रमाण जुन्या नियमापेक्षा वाढले आहे. राहू आणि केतू हे नेहमी परस्परांच्या समोरासमोर, म्हणजे एकमेकांपासून सातव्या राशीत असतात. म्हणून केवळ त्या दोघांची मिळून कर्तरी कधीच होऊ शकत नाही. त्यांपैकी एक जण एका पात्याचे काम करू शकतो, दुसऱ्या पात्यासाठी सूर्य, मंगळ किंवा शनी लागतो.

## शुक्र व सप्तमस्थान यांतील भेद

सप्तमस्थान लग्नावरून ठरते, तर शुक्राची रास आकाशातील त्याच्या प्रत्यक्ष स्थितीवरून ठरते. हा भेद वरवर साधा वाटला तरी योगाचा अर्थ लावताना महत्त्वाचा ठरतो. लग्नाची रास साधारण दोन तासांनी बदलते. त्यामुळे सप्तमस्थानाची कर्तरी त्या ठिकाणी त्या दोन तासांत जन्मलेल्यांपुरती मर्यादित असते. याउलट शुक्र ज्या दिवसांत पापग्रहांच्या मध्ये असतो, त्या सर्व दिवसांत जगात कोठेही जन्मलेल्या प्रत्येकाच्या पत्रिकेत शुक्राची कर्तरी असते. म्हणून जाणकार ज्योतिषी निव्वळ शुक्राच्या कर्तरीवरून व्यक्तिगत फळ सांगत नाहीत. शुक्र कोणत्या स्थानाचा स्वामी आहे, तो कोणत्या स्थानात बसला आहे आणि सप्तमेशाची अवस्था काय आहे, हे ते आधी पाहतात.

सप्तमस्थानाची कर्तरी होण्यासाठी लग्नापासून सहाव्या आणि आठव्या स्थानी पापग्रह असावे लागतात. षष्ठस्थान हे रोग, ऋण व शत्रू यांचे, तर अष्टमस्थान हे मृत्यूचे व आकस्मिक संकटांचे स्थान समजले जाते. स्त्रीच्या पत्रिकेत अष्टमाला मांगल्यस्थानही म्हणतात. त्यामुळे या कर्तरीचा अर्थ सहजीवनाच्या एका बाजूला कलह व कर्ज आणि दुसऱ्या बाजूला सौभाग्याला धोका, असा लावला जातो. सप्तमापासून पाहिले तर षष्ठ हे व्ययस्थान ठरते आणि अष्टम हे धनस्थान ठरते. म्हणून काही जण हाच योग अधिक सौम्य भाषेत मांडतात. त्यांच्या मते मागचे पाते नात्यातून काय निसटते हे दाखवते आणि पुढचे पाते नात्याला पुढे काय पोसणार हे दाखवते.

## सांगितली जाणारी फळे

या योगाने प्रेम नाहीसे होते असे परंपरा सहसा म्हणत नाही. मधल्या ग्रहाचे स्वतःचे बळ कायम राहते, पण त्याला मोकळेपणाने फळ देता येत नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणून 'नाश' या शब्दाऐवजी 'कोंडी' किंवा 'अवरोध' हे शब्द या योगाला अधिक जवळचे आहेत. व्यक्तीला आकर्षण वाटते पण ते बोलून दाखवता येत नाही, स्थळे येतात पण बोलणी शेवटच्या टप्प्यावर मोडतात, विवाह होतो पण घरातील इतर माणसे किंवा जबाबदाऱ्या यांच्यात पतिपत्नींना एकमेकांसाठी जागा उरत नाही, अशा स्वरूपाची फळे सांगितली जातात.

पाती कोणत्या ग्रहांची आहेत यावरून फळाचा रंग बदलतो. सूर्य असेल तर वडीलधाऱ्यांचा विरोध किंवा मानापमान, शनी असेल तर विलंब, कर्तव्याचा भार किंवा वयातील अंतर, मंगळ असेल तर घाई व भांडण, राहू असेल तर रूढीबाहेरचे नाते आणि त्यावरून होणारा त्रास, आणि केतू असेल तर विरक्ती, असे संकेत त्या त्या ग्रहाच्या सामान्य कारकत्वावरून घेतलेले आहेत.

*बृहज्जातका*च्या अनिष्टाध्यायात मात्र याहून कठोर फळ आले आहे. शुक्र दोन क्रूर ग्रहांच्या मध्ये असणे हे तेथे पत्नीच्या अपघाती मृत्यूचे एक कारण म्हणून गणले आहे. पण त्याच श्लोकात एक अटही आहे. शुक्रासोबत शुभग्रह नसावा आणि शुक्रावर शुभग्रहाची दृष्टी नसावी. ही अट वगळून केवळ पहिला भाग सांगितला, तर ग्रंथाने मर्यादित केलेला योग सरसकट लागू केल्यासारखे होते.

## सूर्य आणि शुक्र यांचे खगोलीय नाते

शुक्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत आहे. म्हणून पृथ्वीवरून पाहताना शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांहून अधिक दूर कधीच जात नाही. एक रास ३० अंशांची असल्याने शुक्र नेहमी सूर्याच्याच राशीत, किंवा तिच्या मागेपुढे एक वा दोन राशींत सापडतो. याचा परिणाम असा की, शुक्राच्या शेजारच्या राशीत सूर्य असणे ही अपवादात्मक गोष्ट नसून वर्षातील बराच काळ चालणारी सामान्य स्थिती आहे. कर्तरीचे एक पाते अशा रीतीने जवळजवळ तयारच असते. दुसऱ्या बाजूला शनी, मंगळ, राहू किंवा केतू यांपैकी एक आला की राशीच्या हिशेबाने योग पूर्ण होतो.

सूर्याचे पाते असलेल्या आणि नसलेल्या कर्तरीत फरक करावा असे यावरून सुचते. मंगळ आणि शनी यांच्यामध्ये सापडलेला शुक्र तुलनेने विरळा असतो. म्हणून सूर्याचा सहभाग असलेल्या योगाला काही अभ्यासक कमी वजन देतात.

## मुहूर्तशास्त्रातील कर्तरी

विवाहाचा मुहूर्त काढताना कर्तरी हा स्वतंत्र दोष मानला जातो, आणि तेथील व्याख्या अधिक काटेकोर आहे. राम दैवज्ञ यांनी शके १५२२ (इ.स. १६००) मध्ये काशी येथे रचलेल्या *मुहूर्तचिंतामणी* या ग्रंथाच्या विवाहप्रकरणानुसार, लग्नाच्या बाराव्या स्थानी मार्गी पापग्रह आणि दुसऱ्या स्थानी वक्री पापग्रह असेल तरच कर्तरी होते. मार्गी म्हणजे राशिचक्रात नेहमीच्या दिशेने पुढे जाणारा, आणि वक्री म्हणजे पृथ्वीवरून पाहताना मागे सरकताना दिसणारा ग्रह. बाराव्यातला ग्रह पुढे येतो आणि दुसऱ्यातला मागे येतो, म्हणजे दोघेही मधल्या लग्नाच्या दिशेने सरकतात. कात्री मिटण्याची उपमा या व्याख्येत खऱ्या अर्थाने लागू पडते. पुढचा ग्रह मार्गी असेल तर तो दूर जात असतो आणि ते पाते मिटत नाही.

या नियमातून काही गोष्टी आपोआप निघतात. सूर्य कधीच वक्री होत नाही, म्हणून तो फक्त मागचे पाते होऊ शकतो. राहू आणि केतू यांची मध्यम गती सदैव वक्री असते, म्हणून ते केवळ पुढचे पाते होऊ शकतात. मंगळ व शनी यांना दोन्ही भूमिका शक्य आहेत. याच ग्रंथात परिहारही दिला आहे. कर्तरी करणारे पापग्रह शत्रुराशीत, नीच राशीत किंवा अस्तंगत असतील तर दोष लागत नाही, कारण दुबळ्या ग्रहाचे पाते बोथट समजले जाते.

जातकशास्त्रात ग्रहांच्या गतीची ही अट सामान्यतः पाळली जात नाही. केवळ राशी पाहून योग सांगितला जातो. दोन शास्त्रांत एकच नाव वापरले गेल्याने मुहूर्तातील परिहार जन्मपत्रिकेला आणि जन्मपत्रिकेतील फळे मुहूर्ताला लावण्याची गफलत होते.

## उदाहरण

व्याख्येतील फरकाने काय घडते, हे प्रत्यक्ष आकाशस्थितीवरून पाहता येते. २५ जून १९७८ रोजी रात्री साडेनऊ वाजता पुणे येथे मकर लग्न सुमारे १५ अंशांवर उदित होते. निरयन पद्धतीने त्या वेळी शुक्र कर्क राशीत सुमारे १७ अंशांवर, म्हणजे सप्तमस्थानात होता. षष्ठस्थानी मिथुन राशीत सूर्य सुमारे १० अंशांवर, गुरू २१ अंशांवर आणि बुध २३ अंशांवर होता. अष्टमस्थानी सिंह राशीत शनी ३ अंशांवर आणि मंगळ १३ अंशांच्या आसपास होता. चंद्र कुंभ राशीत होता.

राशीचा साधा नियम लावला तर मागे सूर्य आणि पुढे शनी-मंगळ असल्याने शुक्र व सप्तमस्थान हे दोघेही एकाच वेळी पापकर्तरीत सापडतात. विवाहाच्या दृष्टीने अत्यंत अवघड म्हणता येईल अशी ही पत्रिका ठरते.

शुभग्रहांचा विचार केला की चित्र बदलते. मिथुनेत सूर्यासोबत गुरू आहे, म्हणून मागचे पाते निव्वळ पापग्रहाचे राहत नाही. अंशांनुसार पाहिले तर शुक्राच्या मागे सर्वांत जवळ बुध आहे, त्यानंतर गुरू आणि सर्वांत दूर सूर्य आहे. शुक्र आणि सूर्य यांच्यामध्ये गुरू उभा असल्याने कर्तरी भंग पावते, असे अनेक ज्योतिषी म्हणतील. उलट बाजूचा युक्तिवादही शक्य आहे. सूर्यासोबतचा बुध वराहमिहिराच्या यादीनुसार पापग्रहांतच जमा होतो, आणि तोच शुक्राला सर्वांत जवळ आहे. शिवाय मिथुनेतील गुरूची दृष्टी पाचव्या, सातव्या व नवव्या राशीवर, म्हणजे तूळ, धनू आणि कुंभ यांवर पडते. कर्केतील शुक्रावर ती पडत नाही. त्यामुळे शुभदृष्टीचा आधार शुक्राला मिळत नाही. मात्र सप्तमेश चंद्र कुंभेत असल्याने गुरूची दृष्टी त्याला मिळते, तशीच समोरच्या सिंह राशीतील शनी आणि मंगळ यांचीही मिळते.

मुहूर्तातील गतीची अट लावली तर तिसरेच उत्तर येते. त्या दिवशी शनी आणि मंगळ दोघेही मार्गी होते, म्हणजे कर्केपासून दूर जात होते. पुढचे पाते मिटत नसल्याने या अर्थाने कर्तरी झालीच नाही.

जन्मवेळेचा प्रश्न याहून नाजूक आहे. त्या रात्री पुण्यात मकर लग्न साधारण साडेआठ ते सव्वादहानंतर काही मिनिटांपर्यंत होते. लग्नबिंदूच्या दोन्ही बाजूंना १५ अंश असे समान भाव धरून चलित कुंडली मांडली, तर पावणेनऊच्या सुमारास जन्मलेल्याच्या पत्रिकेत गुरू आणि बुध षष्ठातून सप्तमस्थानात येतात. सव्वादहाच्या सुमाराच्या पत्रिकेत गुरू-बुध षष्ठातच राहतात, पण शनी अष्टमातून सप्तमात येतो. दीड तासाच्या अंतरात 'सप्तमस्थानी शुभग्रह', 'सप्तमस्थान कर्तरीत' आणि 'सप्तमस्थानी शनी' अशी तीन वेगळी वर्णने निघतात. राशिकुंडली मात्र तिन्ही वेळी तीच असते.

शुक्राच्या कर्तरीला तर जन्मवेळेचे बंधनही नाही. सूर्य जूनच्या मध्याला मिथुनेत आला, शनी त्या काळात सिंहेत होता, आणि शुक्र जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कर्केत होता. सुमारे तीन आठवड्यांत जगात जन्मलेल्या सर्वांचा शुक्र राशीच्या हिशेबाने सूर्य आणि शनी यांच्यामध्ये होता. त्या सर्वांचे वैवाहिक जीवन एकसारखे असण्याची अपेक्षा कोणी ज्योतिषीही करत नाही. या उदाहरणातील शुक्र कर्तरीतून सुटला तो सिंह राशीत गेल्यावर, म्हणजे शनीच्याच राशीत पोहोचून. एका दोषातून सुटून दुसरा लागू होण्याचा हा प्रकार ग्रहांच्या गतीमुळे सहज घडतो.

## विवाह जुळवताना होणारा उपयोग

महाराष्ट्रात पत्रिका जुळवताना प्रचलित असलेले ३६ गुणांचे मेलन चंद्राच्या नक्षत्रावर व राशीवर आधारलेले आहे. त्यात शुक्र, सप्तमस्थान किंवा कर्तरी यांचा विचार होत नाही. त्यामुळे गुण उत्तम जुळलेल्या स्थळाबद्दलही पुढे 'सप्तमस्थान पापकर्तरीत आहे' असे सांगितले जाऊ शकते, आणि ठरत आलेली बोलणी थांबू शकतात. अशा वेळी योग कोणत्या व्याख्येने सांगितला, पाती कोणत्या ग्रहांची आहेत, त्यांच्यासोबत शुभग्रह आहे का, आणि योग राशिकुंडलीत आहे की चलितात, हे प्रश्न विचारल्यास पुष्कळदा त्या विधानाचे स्वरूप बदलते.

दुहेरी मोजणी हा आणखी एक दोष आढळतो. लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या व बाराव्या स्थानी मंगळ असल्यास पत्रिकेला मंगळ आहे असे म्हणतात. वरील उदाहरणात अष्टमातील मंगळ या नियमातही बसतो आणि कर्तरीच्या पुढच्या पात्यातही त्याची गणना होते. एकाच ग्रहाची एकच स्थिती दोन नावांनी सांगितल्यामुळे पत्रिकेत दोन स्वतंत्र दोष असल्याचा समज होतो.

## चिकित्सा

फलज्योतिषातील योगांना वैज्ञानिक मान्यता नाही. ग्रह आणि विवाहसंबंध यांना जोडणारी कोणतीही भौतिक यंत्रणा ज्ञात नाही. महाराष्ट्रात या विषयाची एक प्रत्यक्ष चाचणी जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी घेतली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हुशार विद्यार्थी व मतिमंद मुले यांच्या २०० पत्रिका घेतल्या होत्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांपैकी ४० पत्रिका देऊन त्या कोणत्या गटातील आहेत हे ओळखण्यास सांगितले होते. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिष्यांचे सरासरी यश ४६ टक्के होते, म्हणजे नाणेफेकीने येईल त्याहून चांगले नव्हते. ही चाचणी बुद्धिमत्तेविषयी होती, विवाहाविषयी नव्हती. तथापि पत्रिका पाहून व्यक्तीबद्दल सांगता येते, हा मूळ दावा दोन्हीकडे एकच आहे.

पापकर्तरीच्या बाबतीत एक अडचण शास्त्राच्या आतूनही उभी राहते. विवाहाला उशीर झाला तर राशीचा नियम लावून योग सांगता येतो, आणि संसार सुखाचा झाला तर गुरूमुळे भंग, अंशांचे अंतर, ग्रहांची गती किंवा चलित यांपैकी एखादे कारण देता येते. फळ कोणतेही आले तरी नियम खोटा ठरत नाही. परंपरेतीलच काही अभ्यासक म्हणून असा आग्रह धरतात की, योगाची व्याख्या आणि भंगाचे नियम पत्रिका पाहण्याआधी ठरवून घ्यावेत, फळ कळल्यानंतर निवडू नयेत.